पहिल्याच बैठकीत ‘चुकीला माफी नाही’?

नवा_रुजू: सोमवारी रत्नागिरी जिल्ह्यात तहसीलदार म्हणून रुजू होतोय. मी लातूरचा, पहिलीच स्वतंत्र नेमणूक. पहिल्या बैठकीसाठी हे लिहिलंय: ‘मी शिस्तप्रिय आहे. पावणेदहा म्हणजे पावणेदहा. चुकीला माफी नाही. आधी काय चालायचं ते विसरा.’ हुकूमशहा वाटायचं नाहीये, पण सुरुवातीला ढील दिली की स्टाफ डोक्यावर बसतो. बरोबर ना?

निवृत्त अव्वल कारकून, दापोली: नाही. वाचून राग आला म्हणून सविस्तर लिहितो.

‘चुकीला माफी नाही’ हे वाक्य मी एका साहेबांच्या तोंडून पहिल्याच बैठकीत ऐकलंय. काही महिन्यांनी एका तलाठ्याने वारस नोंद धरताना मुंबईला दिलेल्या बहिणीचं नाव सोडलं. नोटिशीचे 15 दिवस चालू असतानाच त्याच्या ते लक्षात आलं होतं. तेव्हा मंडळ अधिकाऱ्यांना सांगितलं असतं तर नोंद रद्द होऊन नवी धरता आली असती. तो घाबरून गप्प बसला. फेरफार प्रमाणित झाला, बहिणीला गावी आल्यावर सातबारा बघून कळलं आणि प्रकरण अपिलात प्रांतांकडे गेलं. भावंडांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

म्हणून असं बोला: ‘चूक लक्षात आली की त्याच दिवशी मला सांगा, दुरुस्तीचा मार्ग आपण काढू. लपवलेली चूक मात्र मी सोडणार नाही.’ यात धाक आहेच, फक्त तो योग्य जागी आहे.

आधीच्या साहेबांबद्दल चकार शब्द नको. हीच माणसं त्यांच्या आदेशाने काम करत होती. त्याऐवजी स्वतःला बांधून घ्या: ‘माझ्या टेबलावर आलेली नस्ती सात कामाच्या दिवसांच्या वर राहणार नाही. राहिली तर मला आठवण करा.’ आणि एक बघा. कोतवाल आणि शिपाई दाराशी उभे असतात, एकाच्या हातात चहाचा ट्रे असतो. बोलायच्या आधी त्यांना खुर्च्या द्यायला लावा.

माहिती_अधिकार_वाला: सात दिवस ही साहेबांची मेहेरबानी नाही. 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, प्रत्येक फाईल सात दिवसांत निकाली निघालीच पाहिजे. हेच पहिल्या बैठकीत ठणकावून सांगा.

निवृत्त अव्वल कारकून, दापोली: अर्धं बरोबर. सात दिवस एका टेबलावर थांबण्याचे, निकालाचे नाहीत. अंतिम निर्णयाला 45 दिवस, दुसऱ्या विभागाकडे जायचं असेल तर तीन महिने. तक्रारी फेरफारासारखी अर्धन्यायिक प्रकरणं त्यात येतच नाहीत. ‘सात दिवसांत निकाल’ असं साहेब बोलून बसले तर पहिल्याच आठवड्यात शब्द खोटा पडेल.

मालवणी_मेवणो: ह्या सगळा ऱ्हवांदे. आमच्याकडे घाटावरचो साहेब इलो आणि पयल्याच मीटिंगेत बोललो, ‘गणपतीक कोणाक रजा नाय.’ घरात पाच दिवसांचो गणपती, आरतीक मी एकटो. सांगा, खंयचो न्याय?

पुण्याहून_बदलीवर: मग काय ऑफिसला कुलूप लावायचं? 1 जूनपासून नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो. गणपती भर पावसात येतो, दरड कोसळली तर आरती थांबवून येणार का? तुम्हा लोकांचे सण संपतच नाहीत.

मालवणी_मेवणो: ‘तुम्हा लोकांचे’ म्हणजे? 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाला तेव्हा आमचेच लोक कमरेएवढ्या पाण्यातून पंचनाम्याक गेले. आमका कर्तव्य शिकवू नको.

महसूल_सहायक_गुहागर: भांडू नका. आमच्या मॅडमनी रुजू झाल्यावर एवढंच विचारलं, ‘कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे गौरीबरोबर विसर्जन?’ आणि पाळ्यांचा तक्ता स्टाफलाच करायला सांगितला. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा, ते नंतरच्या पाळ्यांना आले. हे मला त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त लक्षात आहे.

पुण्याहून_बदलीवर: ज्यांच्या घरी गणपतीच बसत नाही, त्यांच्यावर सगळा भार येतो. ते कोण बघणार? तक्ता आधी ठरला तर चालेल, एवढं मान्य. ‘तुम्हा लोकांचे’ हे शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

माहिती_अधिकार_वाला: आणि आमच्यासारखा तालुक्याला खेपा घालणारा माणूस? त्याचा शब्दही कोणी काढला नाही.

निवृत्त अव्वल कारकून, दापोली: हे मात्र तुमचं खरं. साहेब, लोकांना भेटायची वेळ पहिल्याच दिवशी सांगा आणि त्या वेळेत बैठक लावू नका.

नवा_रुजू: ‘आधीचं विसरा’ आणि ‘माफी नाही’ काढलं. पावणेदहा ठेवतोय, त्यावर वाद नको. पण चूक येऊन सांगणाऱ्याला नोटीस द्यायची की नाही? एकदा सोडलं तर दुसराही तेच मागणार.

निवृत्त अव्वल कारकून, दापोली: पहिल्या वेळी तोंडी समज. तीच चूक पुन्हा झाली तर लेखी खुलासा.

पुण्याहून_बदलीवर: मी पहिल्याच वेळी लेखी घेईन. उद्या अपिलात प्रांत विचारतात तेव्हा तोंडी समज कोण दाखवणार?