मुलींच्या कबड्डी क्लबचा हंगाम : जमाखर्चाचा अंदाज (सोसायटी ग्रुप, परभणी)

खजिनदार, ब-204 : सर्वांना नमस्कार. सचिव काकांनी परवा टाकलेल्या अंदाजपत्रकात तिकिटांचे एक लाख रुपये धरले आहेत. 400 खुर्च्या, 50 रुपये तिकीट आणि घरचे पाच सामने असा तो हिशेब आहे. गुणाकारात चूक नाही, परंतु खुर्ची म्हणजे तिकीट नव्हे. मी काल रात्री गेल्या हंगामाच्या तिकीट पुस्तकांच्या स्थळप्रती मोजल्या. पाच सामन्यांना अनुक्रमे 212, 96, 148, 305 आणि 119 तिकिटे विकली गेली होती.

सचिव, अ-101 : भाऊ, मैदान तर प्रत्येक वेळी भरलेले दिसत होते. 96 हा आकडा मला पटत नाही.

खजिनदार, ब-204 : काका, मैदान भरलेलेच होते. पण त्यात आपल्याच तीन इमारतींतील मंडळी मागच्या फाटकातून आलेली होती, खेळाडूंचे नातेवाईक होते आणि कुंपणाबाहेर मोटारसायकलवर बसून पाहणारेही होते. त्यांना अडवावे असे माझे म्हणणे नाही. फक्त त्यांना उत्पन्नात धरू नये. शिवाय मुलींचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा असतो, म्हणजे विश्रांती आणि टाइमआउट धरूनही तो पाऊण तासात आटोपतो. कामाच्या दिवशी तेवढ्यासाठी 50 रुपये देऊन लांबून येणारा प्रेक्षक मोजकाच असतो.

आता या पाच आकड्यांची सरासरी काढली तर 176 येते, पण ती सरासरी एकाही सामन्याला लागू पडत नाही. 212 आणि 305 हे दोन्ही रविवार होते. 305 च्या वेळी तर शेजारच्या जिल्ह्याचा संघ आपले समर्थक दोन टेम्पो भरून घेऊन आला होता. यंदा त्या संघाशी आपला सामना त्यांच्या मैदानावर आहे, त्यामुळे तो आकडा मी बाजूला ठेवला. उरलेले तीन सामने कामाच्या दिवशी संध्याकाळी झाले आणि त्यांची सरासरी 121 आहे. यंदा घरचे दोन सामने रविवारी आहेत, त्यांना प्रत्येकी 200 तिकिटे धरली आणि बाकीच्या तिघांना 120. एकूण 760 तिकिटे, म्हणजे 38,000 रुपये.

क-302 : यातून मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक आणि पंचांचे मानधन वजा केले आहे का?

खजिनदार, ब-204 : ताई, ते खर्चाच्या बाजूला आहे, प्रत्येक सामन्याला 4,500 रुपये. याचा अर्थ 90 तिकिटे खपेपर्यंत सामना तोट्यातच असतो. गेल्या वर्षीच्या 96 तिकिटांच्या सामन्यातून क्लबच्या हाती अवघे 300 रुपये राहिले होते.

सचिव, अ-101 : ठीक आहे, तिकिटांचे मान्य. परंतु प्रायोजक एक लाख देणार आहेत ना? बी-बियाणांचे दुकानदार 50,000, शिकवणीवाले सर 30,000 आणि मैदानावरील चार फलकांचे प्रत्येकी 5,000.

खजिनदार, ब-204 : दुकानदारांचे पत्र आले आहे, ते पूर्ण धरू. दोन फलकवाल्यांनी होकार लेखी कळवला असून ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे देणार आहेत, तेही धरू. शिकवणीवाल्या सरांनी फक्त फोनवर "बघू, करू काहीतरी" एवढेच म्हटले आहे. अशा वेळी शक्यता निम्मी म्हणून 15,000 लिहिण्याची पद्धत आहे, पण ती दहा-वीस प्रायोजक असतील तेथे चालते. आपल्याला एका माणसाकडून 30,000 तरी मिळतील किंवा शून्य. 15,000 कधीच मिळणार नाहीत. म्हणून ती रक्कम आणि उरलेले दोन फलक मी शून्य धरले. प्रायोजकांची खात्रीची जमा 60,000 आहे.

संघ व्यवस्थापक, क-105 : प्रवासाचा खर्च मीच सचिव काकांना सांगितला होता. नांदेड, हिंगोली, लातूर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर मिळून जाऊन-येऊन साधारण 1,210 किलोमीटर होतात. ट्रॅव्हलर 22 रुपये दराने 26,620 रुपये.

खजिनदार, ब-204 : ताई, गाडीवाल्याने दिलेल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहे की दिवसाला किमान 300 किलोमीटरचे भाडे लागेल. नांदेडला आपण जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर चाललो तरी पैसे तीनशेचेच जाणार. एक संभाजीनगर सोडले, तर बाकी चारही गावे या अटीत सापडतात. चालकाचा 500 रुपये भत्ता मिळवल्यावर त्या चार फेऱ्या प्रत्येकी 7,100 आणि संभाजीनगरची 9,300, असे 37,700 होतात. चौदा जणांचे जेवण धरून 51,700.

संघ व्यवस्थापक, क-105 : ही अट माझ्या नजरेतून सुटली. मग नांदेडला आपण एस.टी.ने जाऊ. महिलांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे बारा खेळाडू, प्रशिक्षक ताई आणि मी अशा चौदाही जणींचा जाण्यायेण्याचा खर्च दोन हजारांच्या आसपास बसेल. तेथील सामना दुपारी तीनला आहे. हिंगोलीचा सामना मात्र रात्री दिव्यांखाली आहे. तेथून मुलींना उशिराच्या बसने आणणे मला मान्य नाही.

खजिनदार, ब-204 : योग्य आहे. त्यामुळे 5,100 वाचले आणि प्रवास 46,600 वर आला. आता एकूण चित्र असे आहे. खात्रीची जमा 98,000. खर्चात प्रवास 46,600, घरचे सामने 22,500, साहित्य 40,000, नोंदणी शुल्क व विमा 6,000 आणि फलकांची छपाई 2,500, मिळून 1,17,600. तूट 19,600 आणि बँकेत शिल्लक 21,000.

सचिव, अ-101 : म्हणजे 1,400 रुपये उरतात. जेमतेम का होईना, भागते आहे.

खजिनदार, ब-204 : वर्षाच्या शेवटी भागते, काका, ऑक्टोबरमध्ये भागत नाही. साहित्य, नोंदणी आणि छपाई मिळून 48,500 रुपये पहिला सामना होण्याआधीच द्यावे लागतात. त्या वेळी आपल्या हाती शिल्लक 21,000 आणि फलकांचे 10,000 एवढेच असतील. दुकानदार पहिला हप्ता नोव्हेंबरअखेर देणार आहेत, कारण शेतकऱ्यांकडची त्यांची उधारी सोयाबीन विकल्यावरच वसूल होते. त्यांच्यावर घाई करून उपयोग नाही. ऑक्टोबरमध्ये 17,500 कमी पडतात.

क-302 : तेवढे सोसायटीच्या सिंकिंग फंडातून दोन महिन्यांसाठी फिरवता येणार नाहीत का?

खजिनदार, ब-204 : नाही. तो निधी इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे आणि क्लबचा हिशेब त्यात मिसळू नये.

प्रशिक्षक, ब-001 : साहित्यातून काही कमी होईल. जर्सीचे दोन संच सांगितले आहेत, त्यातला दुसरा 7,800 रुपयांचा आहे. तो शिकवणीवाल्या सरांचे ठरेपर्यंत थांबवू. तसे केलेले बरेच. गेल्या वर्षी एका प्रायोजकाचे नाव उशिरा आले, म्हणून ते कापडी पट्टीवर छापून पाठीवर शिवले आणि पहिल्याच सामन्यात चढाई करणाऱ्या मुलीला पकडताना ती पट्टी समोरच्या संघाच्या हातात गेली. प्रायोजक प्रेक्षकांतच बसले होते.

खजिनदार, ब-204 : मग 9,700 उरतात.

प्रशिक्षक, ब-001 : मॅटवरचे बूट बारा जोड धरले आहेत, जोडी 1,400 रुपयांची. गेल्या वर्षीच्या पाच मुलींचे बूट अजून चांगले असावेत. मात्र मॅटवर तळवा गुळगुळीत झाला की वळताना पाय घसरतो आणि गुडघा जातो, म्हणून नुसते वरून पाहून ठरवणार नाही. उद्या सरावाआधी प्रत्येक जोडीच्या अंगठ्याखालच्या रेषा तपासते. पाचही ठीक निघाले तर 7,000 वाचतील.

सचिव, अ-101 : उरलेल्या 2,700 साठी साहित्याच्या दुकानदाराशी मी बोलतो, गुडघ्याच्या पॅडचे पैसे त्यांनी डिसेंबरमध्ये घ्यावेत असे सांगून पाहतो. माझे जुने अंदाजपत्रक ग्रुपवरून काढून टाकतो. भाऊ, तुम्ही महिनावार केलेला तक्ता टाका.