मदत हवी आहे: आत्याच्या जुन्या भाजल्याच्या व्रणावर गाठ, रक्त येतंय

आम्ही खानापूर तालुक्यातले. आत्या बारा वर्षांची असताना चुलीपाशी परकर पेटून तिचा गुडघ्यामागचा भाग भाजला. आज ती 58 ची आहे. तिथली कातडी ताणली की चिरायची, मलम लावलं की भरायची, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

तीन महिन्यांपासून मात्र चीर भरतच नाही. कडा जाड, वर उचललेल्या, मधे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. पट्टी सोडवली की रक्त येतं, वासही येतो. दुखत नाही, म्हणून ती "काही नाही गं" म्हणते. गावातले डॉक्टर अजून मलमच देतायत.

माझी नर्स मैत्रीण म्हणाली, वर्षानुवर्षं चिरत-भरत राहिलेल्या व्रणात कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. तपासणीसाठी तुकडा कडेवरून, दोन-तीन ठिकाणचा काढायचा. एकाच जागचा घेतला तर कॅन्सर निसटू शकतो. जांघेतल्या गाठीही तपासायच्या. मी चाचपलं, एक लागतेय.

बेळगावात यासाठी आधी सर्जनकडे जायचं की थेट कॅन्सरच्या डॉक्टरांकडे? घरात कुणाला असं झालं असेल तर रिपोर्टला किती दिवस लागले? आणि तुकडा काढल्याने आजार पसरतो, ही आत्याची भीती कशी घालवू?