दहावीच्या उजळणीला शब्दकोडं: गुण द्यावेत का?

विज्ञानाच्या बाई, इंदूर
हिंदी माध्यम, दहावी, 'जैव प्रक्रम'. अर्धवार्षिकच्या आधी पारिभाषिक शब्दांची उजळणी म्हणून वीस शब्दांचं कोडं द्यायचं आणि त्याचे 20 गुण अंतर्गत मूल्यमापनात धरायचे असं डोक्यात आहे. शब्द सगळे हिंदी पुस्तकातलेच. मंडळींचं मत काय?

कोडेकार
जरूर द्या. रिकाम्या जागा भरा किंवा जोड्या लावा यापेक्षा हे बरंच, कारण इथे पर्याय समोर नसतात, शब्द मुलाला आपल्या डोक्यातून काढावा लागतो. शिवाय एक शब्द चुकला की त्याला छेदणारा शब्द बसत नाही, म्हणजे चूक मुलाला तिथल्या तिथे दिसते. म्हणून छेद जितके जास्त तितकी परीक्षा चांगली. प्रत्येक शब्द निदान दोन ठिकाणी छेदला गेला पाहिजे.

जुना पेपरसेटर
कोडेकार, सरावासाठी तुमचं बरोबर आहे. गुणांसाठी मात्र नेमकं उलटं होतं.

हृदयाचे शब्द घ्या. बाईंना मुख्यतः दोन जोड्या तपासायच्या असणार, अलिंद की निलय आणि धमनी की शिरा, कारण मुलं घोळ तिथेच घालतात. देवनागरी कोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर मात्रेसकट बसतं. धमनीला तीन चौकटी लागतात, शिराला दोन. मुलाला सूचना कळली नाही तरी चौकटी मोजून तो बरोबर उत्तर लिहील. जे तपासायचं तेच जाळीने सांगून टाकलं.

अलिंद आणि निलय दोन्ही तीन चौकटींचे, त्यामुळे ही जोडी चांगली आहे. पण आता तुमचे छेद आणा. 'हृदय' सगळ्यांनाच येतं. निलय त्याच्या 'य'ला जोडला, तर शेवटी 'य' दिसल्यावर तिथे अलिंद कोण लिहील? अलिंद 'द'ला जोडला तरी तेच. शिराचं तर आणखी वाईट: 'केशिका'तली 'शि' तिला छेदते, म्हणजे केशिका आलेल्या मुलाला शिराचं अर्धं उत्तर आयतं मिळतं. इंग्रजी कोड्यात छेदाने सहासात अक्षरांतलं एखादं अक्षर हाती लागतं. आपल्याकडे शब्दच दोनतीन चौकटींचे, म्हणून एक छेदसुद्धा फार बोलतो.

पालक, सुदामानगर
आमची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. तिला असंच कोडं आलं होतं, त्यात अन्ननलिकेच्या इंग्रजी शब्दाला नऊ चौकटी होत्या. पुस्तकातलं स्पेलिंग 'ओ'ने सुरू होतं आणि दहा अक्षरांचं आहे. उत्तर येत असूनही तिला ते बसवता येईना. ही कोडी बंदच व्हायला हवीत.

जुना पेपरसेटर
काका, बाईंचा प्रश्न हिंदी माध्यमाचा आहे, पण तुमचा मुद्दा लागू पडतो. कोडं संकेतस्थळावरून बनवलेलं असणार आणि तिथे अमेरिकन स्पेलिंग घेतलं जातं, त्यात सुरुवातीचा 'ओ' नसतो. कोडं बंद करायची गरज नाही, शब्द पुस्तकातून घेतले की झालं.

हिंदीत याची बहीण म्हणजे अनुस्वार. पुस्तकात 'अलिंद' असेल आणि मुलाने 'अलिन्द' लिहिलं तर चौकटी तीनच राहतात, पण शेवटच्या चौकटीत 'द'ऐवजी 'न्द' येतं आणि छेदणारा शब्द बिघडतो. मुलाचं शरीरशास्त्र बरोबर, जाळी मात्र चूक म्हणते. आणि संकेतस्थळावर देवनागरी कोडं बनवणार असाल तर आधी 'निलय' टाकून बघा. चार चौकटी आल्या तर ते वेलांटी वेगळी मोजतंय, ते वापरू नका. चौकटी आखलेल्या कागदावर हाताने केलेलं बरं.

कोडेकार
मान्य, छेद उत्तर फोडतात. मग शब्दांची यादी खाली देऊन टाका, सगळ्यांना सारखीच मदत!

गणिताचे सर
यादी दिली की परीक्षाच बदलते. आठवण्याचं काम संपतं, उरतं ते निवडण्याचं. वीस जागांना वीसच शब्द असतील तर शेवटचे चारपाच उरल्यासुरल्यातून लागतात. द्यायचीच असेल तर सातआठ शब्द जास्तीचे घाला, आणि तेही त्याच धड्यातले. 'ज्वालामुखी' घालून कोणी फसत नाही. पण माझा खरा विरोध वेगळाच आहे. शेजारच्या बाकावरून जाळी सरळ वाचता येते, लांबलचक उत्तर वाचता येत नाही.

विज्ञानाच्या बाई, इंदूर
म्हणजे कोडं सोडूनच द्यायचं का? मुलांना आवडतं हो. आणि सूचनांबद्दल कोणीच बोललं नाही. मी धमनीसाठी 'शुद्ध रक्त वाहून नेणारी नलिका' असं योजलंय.

जुना पेपरसेटर
बाई, सगळ्यात आधी ती सूचना बदला. फुफ्फुस धमनी हृदयाकडून फुफ्फुसांकडे जाते आणि तिच्यातलं रक्त कमी ऑक्सिजनचं असतं. फुफ्फुस शिरेत उलट. हुशार मूल इथेच अडेल आणि घोकणारं पुढे जाईल. 'हृदयापासून रक्त दूर नेणारी' असं लिहा, त्याला अपवाद निघत नाही. निलयसाठीही जागा सांगू नका, काम सांगा: 'हृदयाचा हा कप्पा रक्त बाहेर ढकलतो, म्हणून त्याची भिंत वरच्या कप्प्यापेक्षा जाड.' मग मुलाला नुसतं नाव आठवून भागत नाही.

सोडू नका, लहान करा. वीसऐवजी आठ शब्द घ्या. गोंधळाच्या जोड्या कशालाही न छेदता वेगळ्या ठेवा आणि छेद सोप्या शब्दांना द्या. धमनी-शिरासारखी चौकटींवरून ओळखू येणारी जोडी जाळीबाहेर काढून खाली साध्या प्रश्नात विचारा. सूचनेत स्पष्ट लिहा की जोडाक्षर एकाच चौकटीत, नाहीतर 'फुफ्फुस' कोणी चार चौकटींत लिहू पाहतं. गुण जाळीवरून देऊ नका. खाली क्रमांकानुसार उत्तरं पुन्हा लिहायला सांगा आणि तीच तपासा, म्हणजे एका चुकीने शेजारचा शब्द बुडत नाही आणि खाडाखोडीचा वादही राहत नाही. आठ गुण शब्दांचे. उरलेल्यांत एकच काम द्या: जाळीतले पाच शब्द वापरून उजव्या अलिंदापासून महाधमनीपर्यंत रक्ताचा रस्ता चारपाच ओळींत. शब्द पाठ झालेत की समजलेत हे तिथे कळतं.

सरांच्या नकलेच्या मुद्द्याला माझ्याकडे अर्धाच उपाय आहे. जाळी एकच ठेवून दोन संच करा. एकात आडव्या शब्दांना कामाची सूचना आणि उभ्यांना जागेची, दुसऱ्यात उलट, आणि क्रमांकांऐवजी दोन्हींत वेगवेगळी चिन्हं. पण जाळीतले शब्द त्याच जागी राहतात, त्यामुळे बघून लिहायचं ठरवलेल्याला हे फारसं आडवं येत नाही.

गणिताचे सर
मग अर्धा उपायही नाही म्हणायचा. शिवाय बाईंना दोन संच तपासावे लागतील. रक्ताच्या रस्त्याचा प्रश्न ठेवा, त्याला गुण द्या, कोडं बिनगुणांचं राहू दे. सांगा, त्यात काय बुडतं?

कोडेकार
बिनगुणांचं म्हटलं की दहावीची मुलं हात लावत नाहीत. बुडतं ते हे.

विज्ञानाच्या बाई, इंदूर
निलयची सूचना घेतली. धमनी-शिरा जाळीबाहेर. गुणांचं अजून ठरत नाहीये, आठ शब्दांना चार गुण कसे वाटतात?