बाळाचा गुरगुट्या वरणभात: तुमचे अनुभव लिहा

ओसरी
काल 13 महिन्यांच्या नातवासाठी कुकर लावला, आंबेमोहोराचा वास सुटला आणि लेकीला भरवायचे दिवस आठवले. तेव्हा दीड वर्षापर्यंत मी तिला सगळं मिक्सरमधून काढून दिलं. पुढे एक शीत जिभेला लागलं तरी ती घास बाहेर काढायची. फार रडवलं त्या दिवसांनी.
आता चार चमचे तांदूळ, दोन चमचे मूगडाळ अर्धा तास भिजवते. दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, कणभर हिंग. पाच शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्यायची. गरम असतानाच डावाने घोटते, गार झाल्यावर गुठळ्या मोडत नाहीत. शीत चिमटीत अलगद चिरडलं की झालं. वर तूप. मीठ अगदी नावाला.

दोनशिट्ट्या
माझी 11 महिन्यांची आहे, अजून मिक्सरच. जाडसर दिलं की उमासे काढते, जीवच जातो माझा. तुम्ही लोक घाबरत नाही का?

माई_नर्स
दोनशिट्ट्या, उमासे काढताना मूल खोकतं, आवाज करतं, घास जिभेने पुढे ढकलतं. ते शिकणंच आहे. घास अडकला तर आवाज येत नाही, खोकताही येत नाही. अशा वेळी पाठीवर कसं थोपटायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. सध्या मिक्सरच्या भातात रोज दोन चमचे हाताने कुस्करलेला मिसळा. बसवूनच भरवा. फोडणीतला कढीपत्ता, मिरची काढून टाका.

तात्या५२
आमच्याकडे वरचं वरणाचं पाणीच द्यायचे. पचायला हलकं, ताकद सगळी त्यात.

माई_नर्स
हलकं खरंच आहे तात्या, पण डाळ खाली राहते. पोट पाण्याने भरतं आणि मूल जेवत नाही. घोटलेली डाळच द्या.

पोळपाट
सासऱ्यांची कवळी दुरुस्तीला गेलीय, आठवडाभर हेच करतेय. वर मेतकूट, खूश आहेत.

परदेशी_चूल
इथे न्यू जर्सीत बासमती वापरते, मोकळाच राहतो. शिवाय पाळणाघरात डबा उघडेपर्यंत घट्ट गोळा! परवा तो टाळूला चिकटला, बाई घाबरल्या.

ओसरी
अगं, भात गार होताना पाणी पितो. डबा भरताना पळीवाढा ठेव आणि भरवायच्या आधी गरम पाणी घालून पुन्हा घोटायला सांग. चमचा तिरका केला की ओघळला पाहिजे. बासमती तासभर भिजव, पाणी वाटीभर वाढव.

दोनशिट्ट्या
आज दोन चमचे कुस्करून दिला. एक गिळला, एक माझ्या साडीवर. जिरं अख्खं घालू की पूड?

ओसरी
मी भाजून पूड घालते.

तात्या५२
आमची आई अख्खंच घालायची, कुणाला काही झालं नाही.

परदेशी_चूल
पोळपाट, मेतकूट घरचं का? बिनमिरचीचं करता येईल?

पोळपाट
हो, माझ्या आईचं. मिरची वगळूनही होतं, पण मोहरीचा झणका राहतो. तिला विचारून प्रमाण टाकते, आत्ता कुकर झालाय.