एकच फ्रेम का जमली?

>> इतके आठवडे सगळं धूसर आणि मग अचानक एक फ्रेम धारदार? लेखकाने शेवट नशिबावर सोडलाय.

मला तसं वाटत नाही. कथेत नायक कित्येक आठवडे एका पक्ष्याच्या उडीचा फोटो काढायचा प्रयत्न करतो आणि शेवटी एकच फोटो स्पष्ट येतो. तो पक्षी तणमोर आहे, आणि नर तणमोर पावसाळ्यात गवतातून पुन्हा पुन्हा, बहुधा ठरलेल्या जागेवरूनच उडी मारतो. नायक आधी पक्ष्यावर ऑटोफोकस लावत होता, त्यामुळे फोकस पुढच्या पात्यांवर अडकायचा. नंतर तो उडीच्या जागेच्या गवतावर हाताने फोकस लावून ठेवतो, तिथेच कथा वळते. उडीच्या टोकाला शरीर क्षणभर थबकतं, चढताना किंवा पडताना नाही. पंख मात्र तेव्हाही फडफडतातच, म्हणून शटर १/२००० च्या आसपास हवं.

कथेत उलगडून न सांगितलेली एक गोष्ट सांगतो, माळरानावर मी स्वतः अनुभवलेली. पावसाची उघडीप होऊन ऊन पडलं की ओली जमीन तापते आणि हवा लहरायला लागते. मोठ्या लेन्सने लांबून काढलेले फोटो मग मऊच येतात. दोष लेन्सचा की हवेचा, हे ओळखायचं असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून, वारा नसताना एकाच पात्याचे सलग फोटो काढा. पातं एका फोटोत सरळ, पुढच्यात वाकडं दिसलं तर दोष हवेचा. तेव्हा शटर कितीही वाढवा, उपयोग नाही. ढगाळ सकाळ गाठायची किंवा अंतर कमी करायचं. पण तणमोर फारच थोडे उरलेत, विणीच्या काळात जवळ जाणं मला मान्य नाही. नायक ढगांची वाट बघतो, म्हणून मला तो आवडला.