मदत हवी आहे: इंटर्नशिपचं लॉगबुक परत आलंय

ऐरोलीची_सिस्टर: अर्जंट! लॉगबुक मॅडमनी परत दिलं. "यातून काही कळत नाही," एवढंच म्हणाल्या. रोजचं सगळं तारखेसकट लिहिलंय हो! शनिवारी पुन्हा दाखवायचंय. आणि पोर्टफोलिओत नेमकं काय लावायचं?

कोपरीकर: जीएनएम की बीएस्सी? छापील लॉगबुक की साधी वही? सह्या घेतल्यात का?

ऐरोलीची_सिस्टर: जीएनएम, शेवटचं वर्ष. २०० पानी वही. सह्या अर्ध्याच आहेत, मेल वॉर्डच्या इन्चार्जची बदली झाली.

घणसोली_९: परदेशी जायचं असेल तर आधी कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं बघ. माझ्या बहिणीचं त्यातच अडलं होतं.

माजी_इन्चार्ज: घणसोली, तिने ते विचारलेलंच नाही.
अगं, तू रोजनिशी लिहिलीस, लॉगबुक नाही. तुझं कॅथेटर पान ४, १९ आणि ४३ वर विखुरलेलं असणार. एका कामाला एक पान दे. पहिल्या दोनदा नुसतं पाहिलं, तिसऱ्यांदा ट्रे लावून मदत केली, पुढे दोनदा सिस्टर शेजारी असताना स्वतः घातलं, मग एकटीने. प्रत्येक ओळीला तारीख, वॉर्ड, यातलं काय केलं ते, आणि बघणारीची सही. रोजनिशी फेकू नकोस, ताळा तिच्यावरूनच जुळतो.

कोपरीकर: आमच्याकडे तीनदा केलं की झालं. नुसते आकडे भर.

माजी_इन्चार्ज: तिन्ही वेळा शेजारून कोणी "आता वळव, आता थांब" सांगत असेल, तर चौथ्यांदा एकटीला सोडशील का? आकडा हवाच, पण कितव्या वेळेपासून मदत लागली नाही तेही दिसू दे.

ऐरोलीची_सिस्टर: 🙏 आणि पोर्टफोलिओ?

माजी_इन्चार्ज: लॉगबुकात काय केलं ते येतं, पोर्टफोलिओत कसा विचार केला ते. कॅथेटर कधी अडलं होतं का?

ऐरोलीची_सिस्टर: हो, सत्तरीचे आजोबा होते, प्रोस्टेट वाढलेलं. नळी आत जाईना. मी थांबले, डॉक्टरांना बोलावलं.

माजी_इन्चार्ज: तेच लिही, एका पानात. जोर का लावला नाही? आतून इजा होऊन रक्त आलं असतं म्हणून. शेवटी नळी बसल्यावर फुगा कधी फुगवला? लघवी येताना दिसल्यावरच ना? फुगवताना दुखलं असतं, तर फुगा मूत्रमार्गातच राहिल्याचा संशय घ्यायचा आणि पाणी काढून घ्यायचं. आजोबांचं नाव, केस नंबर, फोटो काही नको. वय आणि आजार पुरे.

घणसोली_९: फोटो असला की पुरावा होतो पण.

माजी_इन्चार्ज: आणि त्यांच्या घरच्यांनी पाहिला तर?

ऐरोलीची_सिस्टर: आज रात्रीच बसते. पण मेल वॉर्डच्या सह्यांचं काय? बदली पनवेलला झालीय.

कोपरीकर: नव्या इन्चार्जकडून मागच्या तारखेच्या घे, सगळे घेतात.

माजी_इन्चार्ज: अजिबात नको! जिने पाहिलंच नाही, तिने सही कशी करायची? रोस्टरमध्ये तुमच्या दोघींची ड्युटी एकत्र असेल तर त्याची प्रत घे आणि पनवेल गाठ. सही आजच्या तारखेची घे. मॅडमना चालेल का, ते आधी त्यांनाच विचार.

ऐरोलीची_सिस्टर: शुक्रवारी नाइट आहे, जाऊ कधी? 😩