मदत हवी आहे: कथेतल्या संवादांत स्वल्पविराम कुठे आणि परिच्छेद कधी?

शेवंती
माझी पहिलीच कथा आहे. मैत्रिणीने वाचली आणि म्हणाली, कोण काय बोलतंय तेच कळत नाही. खालचा तुकडा तिने तीनदा वाचला म्हणे. जसा लिहिला तसाच देते:

> "चावी कुठे आहे?", दादाने विचारलं. सुमनने मान खाली घातली. "मला माहीत नाही." "काल तर तुझ्याच हातात होती", तो जवळ आला, "खरं सांग." "दिली मी ती", ती पुटपुटली. "कोणाला?".

स्वल्पविराम मी अंदाजानेच दिलेत. नेमकं काय चुकलंय?

पाऊलवाट
सोपं आहे. अवतरणचिन्ह उघडलं की नवी ओळ. प्रत्येक वेळी. मी असंच करतो, गोंधळ होत नाही.

जुना_मुद्रितशोधक
पाऊलवाट, अर्धं बरोबर आहे. नवा परिच्छेद माणूस बदलला की करायचा, चिन्ह उघडलं की नव्हे. तुमच्या पद्धतीने "खरं सांग" वेगळ्या ओळीवर जाईल आणि ते सुमन बोलली असं वाटेल. वाचक नवी ओळ दिसली की बोलणारा बदलला असंच धरून चालतो.

शेवंती, आणखी एक. परिच्छेद माणसाचा असतो, त्यामुळे त्याची कृतीही त्याच्याच परिच्छेदात जाते. सुमनने मान खाली घातली हे वाक्य तुम्ही दादाच्या प्रश्नाला चिकटवलंय. ते तिच्या उत्तराशेजारी हवं.

आता स्वल्पविराम. "ती पुटपुटली" हे बोलण्याचं क्रियापद आहे, म्हणून तिथे स्वल्पविराम बरोबर. "तो जवळ आला" हे बोलणं नाही, ती हालचाल आहे. तिथे आधीचं वाक्य पूर्णविराम देऊन संपवा. शंका आली तर मध्ये 'असं' घालून बघा. 'दिली मी ती असं ती पुटपुटली' हे चालतं. 'तुझ्याच हातात होती असं तो जवळ आला' हे कानालाच खटकतं. खटकलं की पूर्णविराम.

प्रश्नचिन्हानंतर स्वल्पविराम नको, प्रश्नचिन्हानेच थांबा मिळतो. शेवटच्या "कोणाला?" पुढचा पूर्णविरामही काढा. मग असं होईल:

> "चावी कुठे आहे?" दादाने विचारलं.
>
> सुमनने मान खाली घातली. "मला माहीत नाही."
>
> "काल तर तुझ्याच हातात होती." तो जवळ आला. "खरं सांग."
>
> "दिली मी ती," ती पुटपुटली.
>
> "कोणाला?"

शेवटी 'दादा म्हणाला' लिहायची गरजच उरली नाही, बघा. दोघंच आहेत, ओळ बदलली, कळलं.

निळी_शाई
माझं वेगळंच आहे. माझ्या लेखात एका विचारवंताचं वाक्य उद्धृत केलंय, त्यालाही नवा परिच्छेद करू का?

जुना_मुद्रितशोधक
नको. तो संवाद नाही, तुमच्याच मुद्द्याचा भाग आहे. वाक्यातच राहू दे.

पाऊलवाट
'असं'ची युक्ती आवडली. पण स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत का? मी बाहेर देतो. बोलणारा काही स्वल्पविराम बोलत नाही.

जुना_मुद्रितशोधक
तुमचा तर्क चुकीचा नाही. मराठी छपाईत दोन्ही दिसतं. मी आत देतो, कारण बाहेर दिलेला स्वल्पविराम चिन्हापासून सुटा, लोंबल्यासारखा दिसतो. यावर माझे बऱ्याच लेखकांशी वाद झालेत आणि ते मिटलेले नाहीत. पण एकाच कथेत एकदा आत, एकदा बाहेर असं मात्र करू नका. आणि 'असं' किंवा 'म्हणून' प्रत्यक्ष लिहिणार असाल तर स्वल्पविरामच नको: "दिली मी ती" असं ती पुटपुटली.

शेवंती
आत देईन. मैत्रिणीला नवा तुकडा पाठवला, एका वाचनात कळला तिला! पण पुढे अडले. दादा "कोणाला?" विचारतो, सुमन काहीच बोलत नाही, नुसती खिडकीकडे बघते. मग तोच पुन्हा म्हणतो, "सांग ना." बोलणारा तर बदललाच नाही. सगळं एकाच परिच्छेदात ठेवू?

जुना_मुद्रितशोधक
मी तोडेन. उत्तराची पाळी तिची होती आणि तिने ते दिलं नाही. तिचं गप्प बसणं हेच तिचं उत्तर, त्याला स्वतःची ओळ द्या:

> "कोणाला?"
>
> सुमन खिडकीकडे बघत राहिली.
>
> "सांग ना."

पाऊलवाट
मी इथे एकत्र ठेवेन. दादा उतावीळ आहे, तो तिला उत्तराची सवड देतच नाहीये. ओळी तोडल्या की मध्ये थांबल्यासारखं वाटतं.

शेवंती
माझा दादा उतावीळच आहे खरा. पण इथे तो थांबला असावा असं मला वाटतंय. दोन्ही लिहून मोठ्याने वाचून बघते.